ईमेलच्या भाषांतरात सूर हरवला का, हे कसं ओळखायचं?

"लंडनच्या क्लायंटचा ईमेल मराठीत करून वाचतो, मग उत्तर देतो. त्याचा सूर नीट कळलाय हे कसं तपासू?"

मराठी पुन्हा इंग्रजीत करून बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्यातून सुटलेला 'नॉट' किंवा चुकलेली तारीख सापडते, सूर सापडेलच असं नाही.

समजा, अंधेरीच्या ऑफिसात वाक्य आलं: 'यू मे वॉन्ट टू रिव्हाइज द कोटेशन.' मराठीत होतं, 'तुम्हाला कोटेशन बदलावंसं वाटेल.' उलटं केलं तर जवळपास तेच इंग्रजी येतं, म्हणून बरोबर वाटतं. पण ब्रिटिश माणूस अशा वाक्यातून बहुतेकदा 'बदलून पाठवा' असंच सांगत असतो.

म्हणून मे, माइट, परहॅप्स असलेली वाक्यं मूळ ईमेलमध्येच शोधा. मी नेमकं काय करावं अशी त्याची अपेक्षा आहे, ते प्रत्येकापुढे लिहा. दोन उत्तरं निघाली, तर सरळ विचारा: 'शुड वुई सेंड अ रिव्हाइज्ड कोटेशन?'