बोलीच्या भिशीचा तक्ता: कोणी किती उचलले आणि खरा फायदा कोणाचा

प्रश्न: मिरजेत आमची १० जणांची भिशी नुकतीच संपली. मूळ हप्ता ५,००० रुपये, पहिली भिशी चालकाची, पुढे दरमहा बोली. चालकांच्या वहीतील हप्त्यांच्या तक्त्याचा फोटो जोडला आहे. कोणाला किती मिळाले आणि प्रत्येकाचा फायदा किती, हे कसे काढायचे? वहीत खाली बेरीज ४५,४०० आहे, माझी ४६,२०० येते.

उत्तर: सांगलीत आमच्या पेठेतल्या भिशीची वही मी काही वर्षे लिहीत आहे, त्यामुळे आधी तुमच्या ८०० रुपयांच्या फरकाबद्दल लिहितो. हाताने लिहिलेल्या मराठी अंकांत १ आणि ९ यांची गल्लत फार होते, कारण ९ ची शेपटी आखूड राहिली की तो १ दिसतो आणि १ ची लांबली की तो ९ होतो. शतकाच्या जागी असे झाले की फरक नेमका ८०० चा येतो. तुमच्या फोटोत तिसऱ्या महिन्याचा हप्ता तुम्ही ४,९०० वाचला असावा. मला तो ४,१०० दिसतो. शेजारच्या महिन्यांचे हप्ते ४,००० आणि ४,२०० आहेत, हेही त्याला जुळते. मात्र हप्ता चढत जाणे हा नियम नव्हे, सणाच्या तोंडावर एखाद्याला नड असली की बोली मध्येच वाढते. म्हणून एवढ्यावर विसंबू नका.

बेरीज जुळली तरी निर्धास्त होऊ नका. तिसऱ्या महिन्याचे ४,१०० आणि नवव्याचे ४,९०० हे दोन्ही उलटे वाचले गेले, तर बेरीज ४५,४०० च राहील आणि त्या दोघांचा हिशोब मात्र अदलाबदल होईल. तिसरी भिशी ज्यांनी उचलली त्यांनाच हातात ४१,००० पडले की ४९,००० हे विचारा. ती रक्कम माणूस विसरत नाही.

आता हप्ते असे धरतो: ५,०००, ४,०००, ४,१००, ४,२००, ४,३५०, ४,५००, ४,६००, ४,७५०, ४,९०० आणि ५,०००. बोलीत सोडलेली रक्कम तुमच्याकडे दहाही जणांत वाटली जाते, म्हणजे उचलणाराही त्या महिन्यात कमी झालेलाच हप्ता भरतो, असे तक्त्यावरून दिसते. त्यामुळे त्या महिन्याची भिशी म्हणजे हप्त्याची दहापट. काही ठिकाणी ही रक्कम उरलेल्या नऊ जणांतच वाटतात आणि उचलणारा पूर्ण ५,००० भरतो; तिथे हप्त्याची नऊपट अधिक ५,००० असे धरावे लागते.

प्रत्येकाने एकूण ४५,४०० भरले. दुसऱ्या महिन्यात उचलणाऱ्याला ४०,००० मिळाले, म्हणजे त्याला ५,४०० चा भुर्दंड. सहाव्याचा तोटा फक्त ४०० आणि सातव्याचा फायदा ६००, म्हणजे पारडे तिथे फिरते. शेवटच्याला ५०,००० मिळून ४,६०० चा फायदा झाला. सगळ्यांचे फायदे-तोटे एकत्र केले की उत्तर शून्य आले पाहिजे, कारण बाहेरून एक रुपयाही आलेला नाही. पण चुकीचा हप्ता धरूनही ते शून्यच येते, त्यामुळे ही पडताळणी तुमच्या वजाबाकीची आहे, वाचनाची नव्हे.

चालकाचाही फायदा ४,६०० च येतो, आणि इथे रुपयांचा आकडा फसवतो. चालकाने ५०,००० पहिल्याच महिन्यात घेऊन वापरले, तर शेवटच्याने नऊ महिने पैसे गुंतवून वाट पाहिली. शेवटच्याचा दर काढायचा असेल तर स्प्रेडशीटमध्ये त्याचे नऊ हप्ते वजा चिन्हाने एकाखाली एक लिहा, दहाव्या ओळीत ५०,००० मधून स्वतःचा ५,००० चा हप्ता वजा करून ४५,००० भरा आणि खाली हे सूत्र द्या:

```
=IRR(B2:B11)
```

महिन्याला सुमारे २.२ टक्के येतील. दुसऱ्या महिन्यातल्या सभासदाच्या रांगेत -५,०००, मग ३६,०००, मग उरलेले आठ हप्ते वजा चिन्हाने लिहिले की सुमारे ३.७ टक्के येतील. तो मात्र त्याने मोजलेला व्याजाचा दर आहे, कमाईचा नव्हे. त्याच्या रांगेत चिन्ह दोनदा बदलते, त्यामुळे सूत्राला दुसरे, शेकड्यांतले निरर्थक उत्तरही सापडू शकते. तसे झाले तर सुरुवातीचा अंदाज म्हणून 0.03 द्या. मधल्या, म्हणजे पाचव्या ते सातव्या सभासदांसाठी मी हा दर काढतच नाही. ते अर्धा काळ बचत करतात, अर्धा काळ कर्जदार असतात, आणि एकाच टक्क्यात या दोन्ही गोष्टी बसत नाहीत; त्यांना रुपयांतला फरक सांगणे जास्त प्रामाणिक आहे.