फेदर वाढवण्याआधी तो शून्य करून बघा

ब्लेंडरमध्ये माझा समोरचा आणि दोन बाजूंचे फोटो गेमच्या अवतारावर प्रोजेक्ट केलेत. कानाच्या पुढे गालावर उभी रेघ दिसते. फेदर किती पिक्सेल ठेवू?

फेदरचा आकडा कोणी विचारला की मला आमचे जुने सर आठवतात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

तेव्हा मी ठाण्यात घोडबंदर रोडला एका छोट्या स्टुडिओत होते. वाशीच्या एका सोसायटीला वार्षिक कार्यक्रमासाठी कबड्डीचा गेम हवा होता आणि खेळाडूंना कमिटीतल्या सात जणांचे चेहरे. सहा जण मुकाट बसले. सातवे सेक्रेटरी. समोरचा फोटो म्हणजे हात लांब करून काढलेला सेल्फी, बाजूचे दोन कोणीतरी ऑफिसात काढलेले. उजवा गाल खिडकीच्या उन्हात, डावा ट्यूबलाइटखाली. कल्ल्यापासून जबड्यापर्यंत सरळ रेघ.

"अगं, फेदर वाढव," सर म्हणाले. ४० पिक्सेल केला, मग १२०. रेघ गेली आणि तिच्या जागी पट्टा आला. गालाला चिकटपट्टी लावल्यासारखा. सेक्रेटरींची दोन दिवसांची दाढी बरोब्बर तेवढ्याच भागात नाहीशी झाली होती. दोन फोटोंतले केस एकमेकांवर कधीच तंतोतंत पडत नाहीत, अर्धे हे आणि अर्धे ते मिसळले की गुळगुळीत लगदा उरतो. सर म्हणाले, "अजून वाढव."

मी घरी जाऊन उलटं केलं, फेदर शून्य. तुम्हीही आधी हेच करा. रेघेवर नुसता रंग बदलत असेल तर दोष उजेडाचा. जबड्याची कड किंवा कल्ल्याची टोकं तुटून वरखाली झाली असतील तर दोष प्रोजेक्शनचा, आणि त्याला कुठलाही फेदर पुरणार नाही. सेक्रेटरींकडे दोन्ही होते.

तुटलेल्या कडेचं कारण सेल्फी. अर्ध्या मीटरवरून नाक मोठं येतं, कान मागे दडतात. डोळे आणि ओठ मॉडेलवर बसवले की जबडा जागेवर येत नाही. सर लेन्सला दोष देत होते, पण चेहऱ्याची प्रमाणं ठरतात ती अंतराने. लेन्स फक्त किती भाग दिसतो ते ठरवते. दोन मीटर मागे जाऊन, झूम करून, सावलीत पुन्हा फोटो मागवले. ब्लेंडरमधला कॅमेराही तेवढ्याच अंतरावर ठेवला.

मग रेघेची जागा. समोरचा फोटो गालाच्या वळणावर ताणला जातो: पृष्ठभाग कॅमेऱ्यापासून ६०° वळला की एक पिक्सेल दुप्पट रुंद होतो, ७५° ला जवळजवळ चौपट. म्हणून ३०° पर्यंत समोरचा फोटो पूर्ण, तिथून ६०° पर्यंत उतरत शून्य, पुढे बाजूचा. हा मुखवटा मॉडेलच्या नॉर्मलवरून बेक करता येतो. तो आपोआप वळणाबरोबर वळतो, म्हणून सरळ रेघ उरतच नाही. UV Project नाकामागे काय झाकलंय ते बघत नाही, नाकपुडीचा ठसा मागच्या गालावर उमटतो. तेवढा भाग हाताने पुसावा लागतो.

राहिला रंगाचा फरक. नवे फोटो सावलीतले असूनही एक गाल किंचित पिवळा होताच. रंगाला रुंद मिश्रण लागतं, दाढीला आणि रंध्रांना अरुंद. एकच फेदर दोघांना कसा पुरणार? म्हणून ते वेगळे करायचे:

```
low  = blur(img, 40)
high = img - low
out  = mix(lowA, lowB, wide) + mix(highA, highB, narrow)
```

२०४८ च्या टेक्स्चरवर मी `wide` साधारण १५० पिक्सेल ठेवला आणि `narrow` फक्त ८. `high` मध्ये उणे आकडे येतात, त्यामुळे ८ बिटमध्ये करू नका, तपशील कापला जाईल. आणि ब्लर करण्याआधी यूव्ही बेटांबाहेरची काळी जागा कडेच्याच रंगाने भरून घ्या, नाहीतर ते काळं आत झिरपतं आणि मानेमागे नवीनच रेघ उगवते. माझी उगवली होती. सरांनी ती बरोब्बर शोधली, हे मान्य करते.

सेक्रेटरींचा चेहरा दाढीसकट उभा राहिला. सर बघून म्हणाले, "बघ, फेदर वाढवल्यावर झालं ना."

एक सांगायचं राहिलं. तुमचा गेम मोबाइलवर असेल, टेक्स्चर ५१२ चं आणि कॅमेरा लांब असेल, तर दाढीचा केस दिसणारच नाही. मग ३० पिक्सेल फेदर लावा आणि मोकळे व्हा. फोनचं ब्यूटी मोड मात्र फोटो काढतानाच बंद ठेवा, त्याने पुसलेली रंध्रं नंतर कुठूनही परत आणता येत नाहीत.