आडवा भार वरच्या दोन मीटरांत ठरतो, लांबीने नाही

प्रश्न: खाडीकाठच्या साइटवर ६०० मिमीची एकटी पाइल आहे, वर कॅप नाही, म्हणजे फ्री हेड. खाली साधारण १५ मीटर मऊ क्ले. मातीच्या प्रतिक्रियेवरून तिची लॅटरल कपॅसिटी हाताने कशी काढायची? आमचे सीनियर म्हणतात कपॅसिटी कमी पडली तर लांबी तीन मीटरने वाढवा. बरोबर आहे का?

लांबी वाढवू नका. तीन मीटर जास्त बोअर, तीन मीटर जास्त काँक्रीट, आणि आडव्या भारात शून्य फरक. हे मी ठामपणे लिहितोय, कारण याच मुद्द्यावर ठाण्याच्या खाडीलगतच्या एका कामावर माझं आणि प्रोजेक्टच्या साहेबांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. आधी हिशोब करू, म्हणजे भांडण कशावरून होतं ते कळेल.

ब्रॉम्सने १९६४ मध्ये क्लेसाठी जे चित्र मांडलं ते अजूनही हाताच्या हिशोबाला उत्तम आहे. जमिनीपासून दीड व्यासापर्यंत मातीची प्रतिक्रिया शून्य धरायची, आणि त्याखाली पाइलच्या दर मीटर लांबीला 9·cu·D इतकी स्थिर. cu म्हणजे क्लेची अनड्रेन्ड शिअर ताकद, D म्हणजे पाइलचा व्यास. वरचा भाग का सोडायचा? तिथली माती पाइलपुढे वर उचलली जाते, आणि पाइलमागे फट पडते. खोलवर मात्र मातीला वर यायला जागाच नसते, ती पाइलच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून सरकते, म्हणून तिथे नऊपट. प्रत्यक्षात ही प्रतिक्रिया पृष्ठभागाशी दुपटीच्या आसपास सुरू होऊन साधारण तीन व्यास खोलीपर्यंत आठ ते बारापट होते. दीड व्यास सोडणं ही त्याची सोपी, सुरक्षित बाजूची मांडणी आहे.

```
f    = Hu / (9 cu D)
Mmax = Hu (e + 1.5D + 0.5f)
आखूड पाइल:  Mmax = 2.25 cu D g²,   L = 1.5D + f + g
लांब पाइल:   Mmax = My
```

Hu म्हणजे पाइल हरते तो अंतिम आडवा भार, My म्हणजे पाइलचा छेद झेलू शकेल तो मोमेंट. e म्हणजे भार जमिनीच्या किती वर लागतो ते. f म्हणजे दीड व्यासाखाली किती लांबी वापरल्यावर भार पूर्ण तोलला जातो ते. तिथे शिअर शून्य होतो आणि मोमेंट सर्वांत मोठा असतो. त्याखालची g लांबी आखूड पाइलला उलट्या बाजूंनी धरून ठेवते. दोन्ही उत्तरं काढायची, लहान असेल ते खरं.

तुमच्या पाइलला आकडे घालू. cu २० किलोपास्कल धरतो आणि भार जमिनीपासून एक मीटर वर. 9·cu·D येतं १०८ किलोन्यूटन प्रति मीटर. आठ २० मिमीच्या सळयांची केज असेल तर अक्षीय भार नसताना पाइलचा मोमेंट सुमारे २५० किलोन्यूटन-मीटर धरता येईल. आखूड पाइल समजून सोडवलं तर f सुमारे ४.९ मीटर आणि भार जवळजवळ ५२८ किलोन्यूटन. वाचून छान वाटतं, पण त्या भाराला मोमेंट लागतो सुमारे २,२९० किलोन्यूटन-मीटर. पाइलच्या ताकदीच्या नऊपट. म्हणजे माती हरायच्या कितीतरी आधी पाइल मोडेल. ही लांब पाइल आहे.

लांब पाइलसाठी २५० बरोबर Hu(१.९ + Hu/२१६) हे समीकरण सोडवा. Hu येतो १०५ किलोन्यूटन, f ०.९७ मीटर, आणि मोमेंट सर्वांत मोठा जमिनीखाली १.८७ मीटरवर. आता या समीकरणात पाइलची लांबी कुठे आहे ते शोधा. नाही. पंधराऐवजी अठरा मीटर केली तरी १०५, पंचवीस केली तरी १०५.

साहेबांना नेमकं हेच पटत नव्हतं. पाइप रॅकचं काम होतं, स्वतंत्र पाइली, सुरुवातीच्या हिशोबात लॅटरल कपॅसिटी कमी पडत होती. मीटिंगमध्ये त्यांनी ड्रॉइंगवर लाल पेनने लांबी वाढवली. मी समीकरण समोर ठेवलं तर म्हणाले, "अरे, जितकी खोल जाईल तितकी घट्ट बसणार ना?" मी म्हटलं, "साहेब, ती खाली आधीच घट्ट आहे, हलतेय ती वर." कंत्राटदाराला मीटरवर पैसे मिळणार होते, तो गप्प बसला. लांबी वाढली.

मग लॅटरल टेस्ट झाली, आणि पास झाली. साहेबांनी लगेच सांगितलं की बघा, लांबीने काम केलं.

टेस्टच्या जागी गेल्यावर माझ्या लक्षात आलं ते असं. रिगला उभं राहायला चिखलावर दीडेक मीटर मुरूम आणि दगडांचा प्लॅटफॉर्म टाकला होता, रोलर फिरवून चांगला दाबलेला. टेस्ट पाइल त्याच प्लॅटफॉर्ममधून वर आली होती. दोन पाइलींमध्ये जॅक लावला होता, डायल गेज वेगळ्या आधारावर बांधलेले होते, सगळं नियमाप्रमाणे. पण पाइलच्या गळ्याभोवती दाबलेला मुरूम होता. ब्रॉम्स ज्या वरच्या थराला शून्य देतो, तिथेच सर्वांत कडक माती बसवलेली. प्रत्यक्ष कामात मुरूम काढून कट-ऑफ लेव्हलपर्यंत खणणार होते. म्हणजे टेस्ट झाली एका जमिनीत आणि पाइल उभी राहणार होती दुसऱ्या जमिनीत.

मी लेखी मागणी केली की मुरूम खणून काढा आणि टेस्ट पुन्हा घ्या. वाद झाला. शेवटी क्लायंटच्या माणसाने होकार दिला. पाइलभोवतीचा मुरूम कट-ऑफ लेव्हलपर्यंत काढला तर खाली काळा चिखल निघाला, बोट घातलं तर सहज आत जाणारा. आधीचाच भार टप्प्याटप्प्याने चढवायला घेतला. पहिल्या काही टप्प्यांवर काटा हलून थांबत होता. मग एका टप्प्यावर थांबेना. जॅकचं प्रेशर धरून ठेवलं तरी काटा हळूहळू सरकत राहिला, आणि पाइलमागे चिखलात नखाएवढी फट उघडली, तिच्यात लगेच पाणी भरलं. पाच मिलिमीटर ओलांडले तेव्हा भार आधीच्या निम्म्याहूनही कमी होता. तीन मीटर वाढीव लांबी तशीच खाली होती, तिने काहीही केलं नाही. साहेब म्हणाले टेस्टमध्ये काहीतरी गडबड आहे. गडबड आधीच्या टेस्टमध्ये होती, आणि हे ते आजतागायत मान्य करत नाहीत.

तुमच्या पाइलचंही हेच होईल, आणि हिशोबाने दाखवता येतं. १०५ ला २.५ या सुरक्षा गुणांकाने भागलं की ४२ किलोन्यूटन. बरेच जण इथे थांबतात. पण आयएस २९११ च्या चौथ्या भागानुसार टेस्टमध्ये सुरक्षित भार ५ मिमी सरकणीला मिळणाऱ्या भारावर आणि १२ मिमीच्या भाराच्या निम्म्यावर तपासतात. मातीचा मोड्युलस K·B १,४०० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर आणि एम३० काँक्रीटचा न तडकलेला छेद घेतला तर माती आणि पाइलच्या ताठपणाची तुलना दाखवणारा β येतो ०.२१ प्रति मीटर. लांब फ्री हेड पाइलची जमिनीच्या पातळीवरची सरकण:

```
y0 = 2 H β (1 + e β) / (K B)
```

४२ किलोन्यूटनला सरकण १५ मिमी येते. ५ मिमीला भार उरतो सुमारे १४ किलोन्यूटन. तुमच्या मातीत तुमच्या पाइलची खरी कामाची कपॅसिटी हीच. एवढ्या फरकाने निर्णय बदलतात, म्हणून ब्रॉम्सच्या अंतिम आकड्यावर डिझाइन करणाऱ्याला मी सरळ थांबवतो.

मग वाढवायचं काय? सळया वाढवून मोमेंट ४०० केला तर अंतिम भार १०५ वरून १५३ होतो, पण ५ मिमीचा भार जवळपास तिथेच राहतो, कारण सळईने पाइलचा ताठपणा फारसा वाढत नाही. व्यास ७५० केला तर १४ चे साधारण १८ होतात. भार जमिनीच्या पातळीवर आणला, म्हणजे e शून्य, तर साडेसोळा. सगळ्यांत मोठा फायदा डोकं बांधण्यात आहे: कॅप आणि टाय बीमने डोकं फिरू दिलं नाही तर जमिनीच्या पातळीवर तोच ५ मिमीचा भार ३३ पर्यंत जातो. फ्री हेडच ठेवायचं असेल तर पाइलभोवतीचा वरचा चिखल काढून चांगला मुरूम कायमस्वरूपी भरा. मात्र तो ड्रॉइंगवर दाखवा आणि नंतर ड्रेनेजवाले पाइलशेजारी खणणार नाहीत याची लेखी हमी घ्या. साहेबांनी लांबीवर घातलेले पैसे त्या मुरुमात घातले असते तर काम झालं असतं.

काही गोष्टी लक्षात ठेवा. मी cu सगळीकडे २० धरला. आपल्या खाडीच्या चिखलात तो वर कमी आणि खाली जास्त असतो, म्हणून पूर्ण १५ मीटरची सरासरी वापरू नका, वरच्या तीन-चार मीटरांतल्या वेन शिअरचा आकडा घ्या. तिथे १२ निघाला तर एक-अक्षीय ताकद २५ किलोपास्कलच्या खाली जाते, आणि आयएस २९११ च्या हिशोबात अशा थराचा आडवा आधार शून्य धरतात. मग e त्या थराच्या तळापासून मोजावा लागेल आणि १४ चा आकडाही उतरेल. मातीचा दाब, उभ्या क्रेनचा सततचा ओढा अशा कायम भाराखाली क्ले सरकत राहते, तिथे वरचा हिशोब कमी सरकण दाखवतो. आणि पाइल खरंच आखूड असेल, म्हणजे चार-पाच मीटर चिखलात संपणारी जाड पाइल, तर लांबीने फरक पडतो. तुमच्या सीनियरांनी तशी पाइल पाहिली असेल. तुमची तशी नाही, वरचं समीकरण त्यांना सोडवायला द्या.