सप्तमेश त्रिकात असताना: एका विद्यार्थ्यास पत्र

प्रिय विद्यार्थ्यास,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली मेष लग्नाची पत्रिका आणि तिच्याखाली लाल शाईने लिहिलेला तुझा निष्कर्ष, दोन्ही मी वाचले. ‘सप्तमेश षष्ठात नीच, म्हणून विवाह टिकणार नाही,’ असे तू लिहिले आहेस आणि मुलीच्या आईला काय सांगावे, असे विचारले आहेस. विवाहस्थानाचा स्वामी शुक्र सहाव्या स्थानी नीच राशीत आहे, हा वाक्याचा पहिला अर्धा भाग निर्विवाद आहे. आक्षेप आहे तो मधल्या ‘म्हणून’ या शब्दावर, कारण तेथे तू चार-पाच पायऱ्या एकदम ओलांडल्या आहेस.

सहा, आठ आणि बारा या स्थानांना आपण एका दमात त्रिक म्हणतो खरे. परंतु सप्तमापासून मोजले की ती तिन्ही वेगळी बोलू लागतात. षष्ठ हे सप्तमाचे व्ययस्थान आहे, अष्टम हे सप्तमाचे दुसरे म्हणजे जोडीदाराचे कुटुंबस्थान आहे, आणि द्वादश हे सप्तमाचे सहावे आहे. अष्टमात सप्तमेश असता सासरचा पैसा, वारसा आणि झाकून ठेवलेल्या गोष्टी यांवरून ताण येतो असे वाचतात. द्वादशात असता परगावी किंवा परदेशी राहणे आणि शय्यासुखातील उणीव पाहतात. षष्ठात मात्र नोकरी, कर्ज, आजारपण आणि वाद हे विषय संसारात शिरतात. विभक्तीचा संकेत तिन्हींकडे आहे, पण प्रत्येकाचे कारण निराळे आहे, आणि कारण न सांगता नुसते ‘विभक्ती’ म्हणणे हे अपुरे वाचन आहे.

शिवाय राशी पाहिल्याशिवाय स्थानाचे फळ सांगू नये. कर्क लग्नाला सप्तमेश शनी अष्टमात गेला तर तो स्वतःच्या कुंभेत असतो. तुझ्याच मेष लग्नाचा शुक्र षष्ठाऐवजी द्वादशात असता, तर तो मीनेत उच्चीचा झाला असता, आणि व्ययातला शुक्र तर जुन्या अभ्यासकांनी सुखदायकच मानला आहे. वृषभ आणि वृश्चिक लग्नांना सप्तमेशच व्ययेशही असतो. त्यामुळे तो बाराव्यात स्वगृही बसला की नुसते ‘सप्तमेश बाराव्यात’ एवढे म्हणून भागत नाही.

आता ही पत्रिका सावकाश पाहू. शुक्र कन्येत 8 अंशांवर आहे. तो सप्तमेश आहे, विवाहाचा कारक आहे आणि मेष लग्नाला द्वितीयेशही आहे. म्हणजे जोडीदार आणि कुटुंब या दोन्हींचा भार एकाच दुर्बळ ग्रहावर आला आहे. मंगळ कर्केत नीच असून त्याची चौथी दृष्टी थेट सप्तमावर पडते. सप्तमात चंद्र आहे, परंतु तो शुद्ध पंचमीचा असल्याने त्याचे पक्षबल बेताचेच आहे. इथवर तुझी काळजी योग्य आहे. नीचत्व रद्द करणारा नीचभंगही येथे नाही, हे तू तपासलेस का? कन्येचा स्वामी बुध सिंहेत पंचमात आहे आणि शुक्राच्या उच्च राशीचा स्वामी गुरू वृषभेत द्वितीयात आहे; हे दोघेही लग्नापासून किंवा चंद्रापासून केंद्रात येत नाहीत. यजमानाला बरे वाटावे म्हणून नसलेला नीचभंग देणे हीसुद्धा चूकच आहे.

दुसरी बाजूही तितक्याच काटेकोरपणे मांडावी लागते. द्वितीयातल्या गुरूची पाचवी पूर्ण दृष्टी कन्येतील शुक्रावर आहे. सूर्य सिंहेत 16 अंशांवर, म्हणजे शुक्रापासून 22 अंश दूर असल्याने शुक्र अस्तंगत नाही. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे राशीचे नऊ भाग करून मांडलेला नवमांश. कन्या राशीचे नवमांश मकरेपासून सुरू होतात. 6 अंश 40 कलांपासून 10 अंशांपर्यंतचा तिसरा नवमांश मीनेचा येतो, म्हणून हा शुक्र नवमांशात उच्चीचा आहे. हाच शुक्र 27 अंशांवर असता, तर परमनीच झाला असता आणि नवमांशातही कन्येतच राहिला असता. राशिकुंडलीत दोन्ही ‘नीच शुक्र’च दिसतात, पण विवाहाच्या वाचनात त्यांच्यात मोठे अंतर आहे. तू नवमांश मांडला होतास, परंतु त्याचा उपयोग केला नाहीस.

मग विभक्तीचा योग आहे की नाही? माझे वाचन असे की षष्ठाच्या विषयांवरून मतभेद होण्याची शक्यता स्पष्ट दिसते, पण संबंध तुटण्याइतका आधार दिसत नाही. मतभेद कधी, हे दशेवरून पाहावे. चंद्र तुळेत 12 अंशांवर, स्वाती नक्षत्रात आहे, त्यामुळे जन्मवेळी राहूच्या महादशेची सुमारे 10 वर्षे 9 महिने शिल्लक होती. पुढे गुरूची 16 वर्षे धरली की शनीची महादशा सत्ताविसाव्या वर्षाच्या अखेरीस लागते, आणि तिच्यातील शुक्राची अंतर्दशा साधारण साडेतेहतीस ते पावणेसदतीस या वयात येते. शनी येथे दशमेश आणि लाभेश आहे, शुक्र नोकरीच्या स्थानात आहे. तेव्हा त्या तीन वर्षांत कामामुळे वेगवेगळ्या शहरांत राहावे लागणे किंवा घराच्या कर्जाच्या हप्त्यांवरून खटके उडणे असे चित्र मी सुचवीन. बदलीमुळे दोन ठिकाणी राहणारे जोडपे आणि न्यायालयात गेलेले जोडपे यांना एकच शब्द लावू नये.

विवाह दोघांचा असतो. मुलाची पत्रिका हाती नसताना एवढे बोललो, हेच खरे तर थोडे जास्त झाले. त्याच्याही पत्रिकेत याच काळात सप्तमेशाला पीडा असेल, तर संकेताचे वजन वाढेल. नसेल तर घटेल.

आणखी एक गोष्ट तुझ्यापासून लपवून ठेवणे मला बरे वाटत नाही. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रात ज्योतिषाची एक चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखायच्या होत्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून उत्तरे दिली आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण 46 टक्के आले, म्हणजे नाणेफेकीएवढेच. ती चाचणी विवाहाविषयी नव्हती, तरी आपल्या निश्चित स्वराला आधार किती कमी आहे हे तिने दाखवले आहे. मी पत्रिका पाहणे सोडले नाही, परंतु ठरत आलेले लग्न एका स्थानावरून मोडायला मी कधीही सांगत नाही, आणि तूही सांगू नयेस.

याची उलट बाजूही आहे. कोणी विवाहित स्त्री समोर बसून मारहाण होते असे सांगत असेल, तर ‘गुरूची दृष्टी आहे, निभेल’ हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. तेथे पत्रिका मिटवावी, 181 हा महिला मदत क्रमांक लिहून द्यावा आणि वकिलाकडे जायला सांगावे.

मुलीच्या आईला उत्तर देण्याआधी जन्मवेळ कोठून आली, हे विचार. शुक्राचा नवमांश काही मिनिटांच्या फरकाने बदलत नाही, पण नवमांश लग्न साधारण 12-13 मिनिटांनी बदलते. वेळ रुग्णालयाच्या कागदावरची आहे की आजीच्या आठवणीतली, हे कळल्याशिवाय नवमांशातील स्थानांवरून काही बोलू नकोस. त्यानंतर त्यांना एवढेच सांग की पत्रिकेत लग्न नाकारण्यासारखे काही नाही, मात्र नोकरी कोणत्या शहरात करायची आणि कर्ज किती काढायचे हे दोघांनी लग्नाआधी मोकळेपणाने बोलून घ्यावे. शांती करायची का, असे त्या विचारतील. श्रद्धा असेल तर घरच्या घरी करा म्हणावे. खर्चाचा आकडा आपण सुचवू नये.

मुलाची पत्रिका मिळाली की दोन्ही नवमांश एकाच कागदावर मांडून पाठव.

तुझा,
गुरुजी