गृहकर्ज मुदतीआधी फेडण्यासाठी बँकेला पत्र

प्रश्न: गृहकर्ज एकरकमी फेडायचंय, पण बँक फोनवर नुसता एक आकडा सांगते. तपशील मागायला पत्र कसं लिहू?

उत्तर: पत्रात पैसे भरण्याची तारीख नक्की लिहा, कारण व्याज रोज चढतं. १८,४०,००० रुपये मुद्दल आणि साडेआठ टक्के दर असेल तर दिवसाला साधारण ४२८ रुपये. मजकूर असा ठेवा:

"माझं कर्ज खातं क्र. … मी दि. … रोजी पूर्ण फेडणार आहे. त्या तारखेचं फोरक्लोजर स्टेटमेंट द्यावं. त्यात शिल्लक मुद्दल, त्या दिवसापर्यंतचं व्याज, पुढचं दररोजचं व्याज, थकीत दंड आणि प्रत्येक शुल्क, जीएसटीसह, वेगळं दाखवावं. प्रत्येक शुल्क करारातल्या कोणत्या कलमानुसार आहे तेही लिहावं."

शेवटचं वाक्य अजिबात गाळू नका. व्यवसायासाठी नसलेल्या, बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार लावता येत नाही. तरीही 'इतर शुल्क' अशी मोघम ओळ दिसली, तर पैसे भरण्याआधीच लेखी खुलासा मागा. दर स्थिर असेल तर मात्र करार बघा.

पत्र शाखेत देऊन प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या, ईमेलही करा. मालमत्तेची मूळ कागदपत्रं पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.