निरोपाचा मेसेज लांबत का जातो?

"सहा वर्षांनी कंपनी सोडतेय. शुक्रवार शेवटचा दिवस. टीमच्या ग्रुपवर छोटासा निरोप लिहायचाय, पण रोज रात्री लिहिते आणि पुसून टाकते. थोडक्यात लिहिलं की कोरडं वाटतं, मनातलं लिहायला घेतलं की पान भरतं. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांचे आभार मानावेत असं वाटतही नाही. काय करू?"

तिला आपण मेघना म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हिशेब विभागात काम करायची. बोलायला आली तेव्हा फोनमध्ये मसुदा होता. मी तो तिलाच मोठ्याने वाचायला सांगितला. मसुदा मी स्वतः वाचला तर मला फक्त मजकूर दिसतो. तिने वाचला की आवाज कुठे बदलतो तेही ऐकू येतं.

पहिला परिच्छेद सपाट गेला. "सहा वर्षं कशी गेली कळलंच नाही" वगैरे. दुसऱ्यात नावांची रांग होती, ती वाचताना तिचा वेग वाढला. तिसऱ्यात "काही गोष्टी वेगळ्या घडल्या असत्या तर कदाचित आज हा मेसेज लिहावा लागला नसता" असं एक वाक्य होतं, तिथे ती अडखळली. चौथ्यात नव्या नोकरीचं इतकं सविस्तर कारण दिलं होतं, की राजीनाम्यातही कोणी देत नाही.

मी तिला एकच काम दिलं. प्रत्येक वाक्यापुढे लिहायचं, हे नेमकं कोणी वाचावं म्हणून लिहिलंय? "टीम" हे उत्तर चालणार नाही, माणूस सांगायचा.

थोडा वेळ लागला, पण चित्र स्वच्छ झालं. तिसरा परिच्छेद मॅनेजरसाठी होता. बढतीच्या वेळी तिला डावललं गेलं होतं आणि कारण कोणी धड सांगितलं नव्हतं. नावांची रांग खरं तर एका सीनियर ताईंसाठी होती. सुरुवातीच्या महिन्यांत त्यांनी शेजारी बसून बँकेचं रिकन्सिलिएशन शिकवलं होतं. त्यांचं एकटीचं नाव कसं घ्यायचं, म्हणून बाकीची जोडली गेली. आणि नव्या नोकरीचं कारण? त्यापुढे बराच वेळ काही लिहिलं नाही, मग लिहिलं, "मी स्वतः." आपण पळून जात नाही आहोत, हे ती स्वतःलाच पटवत होती. सगळ्यांसाठी म्हणावीत अशी वाक्यं उरली दोन.

मेसेज लांबतो तो भाषा येत नाही म्हणून नव्हे. एकाच पाकिटात तीन-चार पत्रं कोंबलेली असतात. शब्द कापून तो छोटा होत नाही, कारण कापलेलं दुसऱ्या वाक्यातून परत डोकं वर काढतं. आधी ती पत्रं वेगळी काढावी लागतात.

मॅनेजरसाठीचं पत्र तिने घरी कागदावर लिहिलं, न पाठवण्यासाठी. समुपदेशनात ही जुनी पद्धत आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सहकाऱ्यासोबत १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं मनातलं सलणारं लिहिलं होतं. त्यातली एक गोष्ट लोक विसरतात: असं लिहून झाल्या झाल्या हलकं वाटेलच असं नाही, उलट मन थोडा वेळ जास्त खराब होतं. म्हणून मेघनाला सांगितलं, हे पत्र लिहिशील त्या दिवशी ग्रुपचा मेसेज उघडायचाही नाही. मधे एक रात्र तरी जाऊ दे.

त्या पत्रातलं जे कंपनीने ऐकायला हवं होतं, ते एक्झिट इंटरव्ह्यूसाठी बाजूला काढलं. तिथेही "माझ्यावर अन्याय झाला" असं न म्हणता काय घडलं तेवढंच: बढतीचे निकष लेखी मागितले होते, केव्हा मागितले, उत्तर आलं नाही. असं सांगितलेलं नोंदवता येतं. नुसत्या विशेषणांचं समोरचा काय करणार?

ताईंना तिने वेगळा मेसेज पाठवला, रिकन्सिलिएशनचा उल्लेख करून. ग्रुपवर नावं घेऊच नयेत असं माझं ठाम मत आहे. अकरा नावं घेतली की बारावा माणूस आपलं नाव शोधत राहतो.

आता राहिला आभाराचा प्रश्न. न वाटणारे आभार मानू नयेत. "तुम्ही सगळे माझं कुटुंब आहात" असं जिला वाटत नाही तिने लिहिलं, की तिलाच ते खुपतं आणि म्हणूनच ती पुसते. मी विचारलं, सगळे एकत्र होते आणि तुला खरंच बरं वाटलं, असं काय आठवतं? तिने लगेच सांगितलं: ऑडिटच्या आठवड्यात सिस्टिम बंद पडली होती, तेव्हा सगळ्यांनी बसून एंट्री हाताने जुळवल्या होत्या. मॅनेजरसुद्धा होते. हे सांगताना तिला कुणाला माफ करावं लागलं नाही, की खोटं बोलावं लागलं नाही. कृतज्ञता एखाद्या आठवड्यापुरती असू शकते.

शेवटी गेलेला मेसेज असा:

"नमस्कार मंडळी, आज माझा इथला शेवटचा दिवस. ऑडिटच्या त्या आठवड्यात सिस्टिम बंद पडली आणि आपण सगळ्यांनी बसून एंट्री हाताने जुळवल्या, ते माझ्या कायम लक्षात राहील. अडलं की विचारायला इथे कोणीतरी असायचं, त्याबद्दल मनापासून आभार. माझा हाच नंबर चालू राहील, संपर्कात राहूया. सगळ्यांना शुभेच्छा."

अर्धवट राहिलेल्या बिलांची यादीही तिला यात घालायची होती. ती वेगळ्या मेलने गेली, नाहीतर शुभेच्छांच्या मधे "ते अमुक बिल कुठे आहे?" सुरू होतं. नव्या कंपनीचं नाव घातलं नाही. कोणी विचारलं तर सांगता येतं. मेसेज दुपारी पाठवला, कारण संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी कंपनीचं लॉगिन बंद होतं, आणि ग्रुप कंपनीच्याच अॅपवर असेल तर आलेली उत्तरं वाचायलाही मिळत नाहीत. मॅनेजरला सकाळी प्रत्यक्ष भेटून आली होती, त्यांना ग्रुपवरून कळायला नको म्हणून.

तिची एक धास्ती मात्र तिने निघताना दारात सांगितली: "नुसते अंगठे आले तर?" येतात. कामाच्या वेळात बहुतेक जण अंगठाच देतात. त्यावरून सहा वर्षांचा हिशेब मांडू नये. मी तिला पाठवल्यावर तासभर फोन बाजूला ठेवायला सांगितलं होतं. तिने ते पाळलं नाही, हे तिनेच नंतर कळवलं.

ग्रुपमधून बाहेर कधी पडायचं? त्याच मिनिटाला नको, दार आपटल्यासारखं दिसतं. उत्तरं येऊन गेली, एकदा "धन्यवाद" म्हटलं, की दुसऱ्या दिवशी निघावं. व्हॉट्सअॅपवर २०२२ पासून ग्रुप सोडल्याची सूचना फक्त अॅडमिनला जाते, त्यामुळे तो संकोचही फारसा उरलेला नाही.

हे सगळं डावललं गेल्याच्या दुखण्याला लागू आहे. छळ झाला असेल किंवा नोकरी जबरदस्तीने गेली असेल, तर आठवण शोधत बसायची गरज नाही. "आज माझा शेवटचा दिवस, सगळ्यांना शुभेच्छा" इतकं पुरतं, किंवा काहीच न लिहिणंही चालतं. तक्रार मात्र लेखी आणि योग्य ठिकाणी करावी, आणि लॉगिन बंद होण्याआधी आपल्या नेमणुकीची व पगाराची कागदपत्रं स्वतःकडे घेऊन ठेवावीत.