ऑप-ॲम्पच्या पीआय कंट्रोलरमध्ये R2 कमी केला की झुलणं का वाढतं?

प्रश्न: ७४१ वर पीआय कंट्रोलर बांधलाय. R1 = 100 kΩ, फीडबॅकमध्ये 1 MΩ चा पॉट (R2) आणि त्याच्या सिरीजमध्ये 10 µF. सेन्सर एलएम ३५, पाण्याचा छोटा बाथ. तापमान साधारण दर चार मिनिटांनी वरखाली झुलतं. गेन उतरवायला पॉट कमी केला तर झुलणं उलट वाढतं. असं का?

उत्तर: कारण तो पॉट एकटा गेन बदलत नाही. सर्किटची दोन सूत्रं शेजारी शेजारी ठेवा:

```
Kp = R2 / R1
Ti = R2 × C
```

R2 दोन्हीकडे आहे. पॉट अर्धा केलात की गेन १० वरून ५ वर येतो, पण इंटिग्रल टाइमही १० सेकंदांवरून ५ सेकंदांवर येतो. आता पहिल्याला दुसऱ्याने भागा: Kp/Ti = 1/(R1 × C). R2 कटला. इंटिग्रल क्रियेची ताकद फक्त R1 आणि C ठरवतात, पॉट कितीही फिरवला तरी ती जागची हलत नाही.

तुमच्या बाथमध्ये सगळा गोंधळ ह्या न हलणाऱ्या भागाचाच आहे. चार मिनिटांचा झोका म्हणजे ω साधारण 0.026 रेडियन प्रति सेकंद. R1 × C एक सेकंद आहे, म्हणून त्या झोक्याला इंटिग्रल भागाचा गेन 1/0.026, म्हणजे ३८ च्या घरात पडतो. प्रपोर्शनल भाग मात्र पॉट पूर्ण उघडला तरी १०. तुम्ही हा १० चा ५ करता तेव्हा एकूण क्रिया जेमतेम तीन टक्क्यांनी घटते. पण इंटिग्रलमुळे येणारी फेजची पिछाडी ७५ अंशांवरून ८२ च्या पुढे जाते. बाथ आणि हीटर आधीच मंद, त्यात कंट्रोलर आणखी मागे राहायला लागला तर झुलणं वाढणारच. प्रपोर्शनल भाग ही पिछाडी आवरून धरत होता आणि तुम्ही नेमका तोच कमी केलात.

म्हणून पॉट R2 च्या जागेवरून काढा आणि R1 च्या जागी लावा. R1 वाढवला की प्रपोर्शनल आणि इंटिग्रल दोन्ही एकाच प्रमाणात खाली येतात, Ti तसाच राहतो. उलट Ti तेवढाच बदलायचा असेल तर C बदला, Kp ला धक्का लागत नाही. R2 एकदा ठरवून पक्का सोल्डर करा. पॉटसोबत सिरीजमध्ये 220 kΩ सारखा एक ठाम रेझिस्टर ठेवा, नाहीतर पॉट टोकाला गेल्यावर R1 शून्य होईल. सेन्सरकडच्या स्टेजचा आउटपुट रोधही R1 मध्येच मिळवला जातो हे विसरू नका.

माझ्या मते सुरुवातीला R1 = 1 MΩ, R2 = 4.7 MΩ, C = 10 µF घ्या. Kp = 4.7, Ti = 47 सेकंद. त्याच चार मिनिटांच्या झोक्याला इंटिग्रल भाग आता ३.८ वर आला आणि प्रपोर्शनल ४.७ राहिला. पिछाडी ३९ अंशांच्या आसपास उतरते.

हीटर जोडण्याआधी कंट्रोलर एकटा तपासा. कपॅसिटरची दोन टोकं क्षणभर शॉर्ट करून तो रिकामा करा, इनपुट शून्यावर असू द्या, मग एकदम 0.2 व्होल्ट द्या. मल्टिमीटर फक्त आउटपुटवर लावा, कपॅसिटरवर किंवा पिन २ वर नको, कारण मीटरचा स्वतःचा 10 MΩ रोध ह्या सर्किटमध्ये मोठा पाहुणा ठरतो. आउटपुट एकदम 0.94 व्होल्टने उडी मारेल (उणे बाजूला, पुढचा इन्व्हर्टर ते सरळ करतो) आणि मग सेकंदाला 20 मिलिव्होल्ट ह्या चालीने सरकत राहील. उडी भागिले इनपुट म्हणजे Kp. तेवढंच आणखी अंतर सरकायला लागलेला वेळ म्हणजे Ti, घड्याळावर मोजता येतो. कपॅसिटर दहा टक्के इकडेतिकडे असतो, त्यामुळे ४७ ऐवजी ४२ किंवा ५२ सेकंद आले तर घाबरू नका.

आता R1 मोठा केल्यावर ७४१ आड येतो. स्थिर अवस्थेत कपॅसिटरमधून डीसी जात नाही, त्यामुळे इन्व्हर्टिंग टोकाला लागणारा बायस करंट सगळा R1 मधूनच यावा लागतो, आणि तो आणण्यापुरती चूक लूप कायम धरून ठेवतो. ७४१ चा नमुनेदार बायस करंट 80 नॅनोॲम्प. 1 MΩ मध्ये ते झाले 80 मिलिव्होल्ट. एलएम ३५ अंशाला 10 मिलिव्होल्ट देतो आणि मधे ॲम्प्लिफायर नसेल तर बाथ ८ अंश चुकीच्या जागी अगदी शांतपणे स्थिरावेल. पिन ३ आणि ग्राउंड यांच्यात R1 एवढाच रेझिस्टर घातला तर बरीच भरपाई होते. (R1 आणि R2 समांतर धरून नव्हे, डीसीला R2 ची वाट बंदच असते.) पण R1 पॉट असल्यावर हे जुळवत बसण्यापेक्षा त्याच सॉकेटमध्ये टीएल ०७१ बसवा. जेएफईटी इनपुटमुळे बायस करंटचा प्रश्न खोलीच्या तापमानाला जवळजवळ मिटतो. काही मिलिव्होल्टचा ऑफसेट उरतो, म्हणजे अंशाचे काही दशांश.

दुसरी चूक दिसायला अशीच, पण कारण वेगळं. कपॅसिटर गळत असेल तर तो शुद्ध इंटिग्रेटर राहत नाही, डीसी गेन गळतीच्या रोधावर येऊन थांबतो. 100 MΩ ची गळती असेल तर गेन शंभराच्या थोडा वर. आउटपुटला 5 व्होल्ट धरून ठेवायला सुमारे 48 मिलिव्होल्टची चूक लागते, जवळजवळ ५ अंश. इलेक्ट्रोलायटिक इथे वापरूच नका. त्याची गळती मोठी आणि ध्रुवताही आड येते. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्या, 10 µF ला डबीएवढा होतो पण इलाज नाही.

आपल्या गोव्यात त्यात पावसाची भर. मी कुंडईला कंट्रोल पॅनेलच्या दुरुस्तीत आहे. जून-जुलैत येणाऱ्या बोर्डांवर कपॅसिटर चांगला आणि गळती बोर्डाचीच, असं पुष्कळदा दिसतं: पिन २ भोवती राहिलेला फ्लक्स ओलावा धरतो. दोन्ही दोष वेगळे ओळखायला बाथवरचा भार बदला, झाकण काढा किंवा थंड पाणी घाला, आणि स्थिर झाल्यावर चूक पुन्हा वाचा. आउटपुट बदलूनही चूक तेवढीच राहिली तर बायस किंवा ऑफसेट. आउटपुटच्या प्रमाणात वाढली तर गळती. गळती निघाली तर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून, हेअर ड्रायरने सुकवून पुन्हा बघा. त्यानंतरही टिकली तर पिन २ सॉकेटमध्ये न घालता हवेत उचलून R1 आणि R2 ची टोकं थेट तिलाच सोल्डर करा.